'गोइंग टू'चं 'गना' होतं तेव्हा



काही वर्षांपूर्वी मी आणि पत्नी मुलाकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला गेलो होतो. तिची कोलेस्टेरॉलची गोळी संपली म्हणून औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पुडी हातात देताना हसतमुखाने एक वाक्य सांगितलं. मला ऐकू आलं, 'यू कॅन टेक धिस विथ ग्रेपफ्रूट ज्यूस.' मी मान डोलावली, आणि घरी येऊन पत्नीला म्हणालो, 'गोळी त्या पपनसासारख्या फळाच्या रसाबरोबर घेतलीस तरी चालेल.' सुनेने डबीवरची चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, 'अब्बा, उलटं आहे. हा रस घ्यायचाच नाही. त्याने औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं.'

म्हणजे बाई 'कॅन्ट' म्हणाल्या होत्या आणि मी 'कॅन' ऐकलं होतं. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या माणसाला 'हो' आणि 'नाही' यांतला फरक कळला नाही! मी ओशाळलो, पण गोष्ट मनातून जाईना. मग घरात बसून मुलाचं, सुनेचं, टीव्हीवरच्या माणसांचं बोलणं मी लक्ष देऊन ऐकू लागलो.

आपली पंचाईत अशी, की आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. कागदावर दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. हे मराठीतही आहेच. 'घर आहे' असं आपण लिहितो, पण म्हणतो 'घराहे'. 'मी येतो आहे'चं 'मी येतोय' झालं, 'जाणार आहे'चं बोलताना 'जाणारे' होतं. इंग्रजीत 'टर्न इट ऑफ' हे तीन शब्द 'टर्निटॉफ' असे एका दमात येतात, ते याच न्यायाने. आधीच्या शब्दाचं शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला जाऊन चिकटतं.

पण इंग्रजी एवढ्यावर थांबत नाही. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. इंग्रजीत वाक्यातल्या अर्थवाही शब्दांवर, म्हणजे नाम, मुख्य क्रियापद, विशेषण यांच्यावर आघात येतो आणि मधले जोडशब्द अंग चोरून उभे राहतात. 'टू', 'फॉर', 'ऑफ', 'अँड', 'कॅन', 'हॅव' या शब्दांची दोन-दोन रूपं आहेत, एक भरदार आणि एक दुबळं. दुबळ्या रूपात त्यांचा स्वर विझून एक पुसट 'अ' उरतो. 'टू'चं 'ट', 'अँड'चं नुसतं 'न', 'हॅव'चं 'अव'. 'हिम'मधला 'ह' तर पार गळतो. 'टेल हिम' हे 'टेलिम' असं ऐकू येतं. मला यात आमच्या गझलेची आठवण झाली. उर्दू छंदात 'मेरा' हा शब्द वजनासाठी 'मिरा' होतो. तिथे मात्रा तसं करायला लावतात, इथे आघात.

आता ते 'गना' घेऊ. 'आय ॲम गोइंग टू टेल हिम.' शब्दशः पाहिलं तर 'मी त्याला सांगायला जातो आहे', पण अर्थ 'मी त्याला सांगणार आहे'. 'गोइंग'च्या शेवटी नाकातला 'ङ' आहे. पुढे 'ट' यायचा असल्याने जीभ आधीच पुढे सरकते आणि त्या 'ङ'चा 'न' होतो : 'गोइन'. मग 'टू' दुबळा होतो : 'गोइन ट'. 'न'च्या मागोमाग येणारा 'ट' घाईच्या बोलण्यात गळतो, जसा अमेरिकन माणसाच्या तोंडी 'ट्वेंटी'चा 'ट्वेनी' होतो : 'गोइन अ'. शेवटी मधला लांब स्वर आखडतो आणि उरतं 'गना'. 'आय ॲम'चं 'आय्म' झालेलं असतंच. सगळं मिळून, 'आय्म गना टेलिम'. सहा शब्दांपैकी कानावर ठळक पडतो तो एकच, 'टेल'.

पण श्रोतेहो, हे 'गना' कुठेही होत नाही. 'आय ॲम गोइंग टू द मार्केट' या वाक्यात कुणीही 'गना' म्हणणार नाही. कारण इथे माणूस खरोखर पायांनी जातो आहे, 'गोइंग' हे मुख्य क्रियापद आहे, त्याचं वजन शाबूत आहे. 'टू'च्या पुढे क्रियापद आलं आणि 'जाणं' नुसतं भविष्यकाळाची खूण बनलं, की मगच शब्द झिजतो. म्हणून 'गना' ऐकलं की समजावं, पुढे क्रियापद येणार आहे आणि गोष्ट पुढच्या काळातली आहे. ते क्रियापद पकडायला कान मोकळा ठेवावा. शिवाय वाक्य 'टू'वरच संपत असेल, तरीही 'गना' होत नाही. 'आर यू गोइंग टू?' असं विचारताना पूर्ण रूप राहतं. 'टू', 'कॅन' यांसारख्या शब्दांची दुबळी रूपं वाक्याच्या शेवटी टिकत नाहीत. 'येस, आय कॅन' यातला 'कॅन' म्हणूनच खणखणीत असतो.

आणि इथेच माझ्या गोळीचं कोडं सुटलं. 'यू कॅन टेक' असं होकारार्थी म्हणताना 'कॅन' दुबळा असतो. ऐकू येतं 'यू क्न टेक', आणि जोर 'टेक'वर. नकारार्थी 'कॅन्ट' मात्र कधीच दुबळा होत नाही. त्याचा स्वर पूर्ण राहतो आणि त्यावर आघात असतो. त्याचा शेवटचा 'ट' अमेरिकन माणूस बहुधा सोडतच नाही, नुसता श्वास अडवतो. त्यातून पुढचा शब्द 'टेक', म्हणजे दोन 'ट' एकात मिसळले. मी 'ट' शोधत होतो आणि तो नव्हताच. स्वर मात्र स्पष्ट सांगत होता : 'कॅन' स्वच्छ ऐकू आला, म्हणजे बहुधा 'नाही'. 'क्न' असा चेपून गेला, म्हणजे 'हो'. 'बहुधा' म्हणतो, कारण ठासून 'हो' म्हणतानाही 'कॅन' भरदार होतो. म्हणून औषध, पैसे, तारीख असा मामला असेल तर लाज न बाळगता उलट विचारावं, 'इज ग्रेपफ्रूट ओके?' उत्तर 'येस' किंवा 'नो' असं सुटं येतं.

कान तयार करायचा तर मी केलं ते सांगतो. रेकॉर्ड केलेलं एकच छोटं वाक्य घ्यायचं. पहिल्यांदा ऐकताना फक्त आघाताचे शब्द लिहायचे आणि मध्ये जागा सोडायची. दुसऱ्यांदा ऐकताना त्या जागेत व्याकरणाने काय बसेल ते भरायचं. मग छापील मजकुराशी ताडून पाहायचं. 'शुड हॅव' हे 'शुडव' असं ऐकू येतं, म्हणून खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही कधी कधी 'शुड ऑफ' असं चुकीचं लिहितात. तिथे कानाने फसवलं तर व्याकरण सावरतं.

आपण स्वतः 'गना' म्हणायलाच हवं असं नाही. आपण सावकाश 'गोइंग टू' म्हटलं तर समोरच्याला ते नीट कळतं, आणि अर्जात तर तेच लिहायचं असतं. 'गना' आहे ते ऐकण्यासाठी.

पत्नी अजूनही ती गोळी घेते, पाण्याबरोबर. आणि दुकानात गेलो, की चिठ्ठी आधी ती स्वतः वाचते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)