किल्लारीचा धडा : रबरी पाया, दोलनकाल आणि तळकर्तन



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा भूकंप-क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत होता. पुढे पुनर्वसित किल्लारीत दोन बैठ्या इमारती, एक शाळा व एक व्यापारी संकुल, रबरी बेअरिंगवर उभारण्यात आल्या. विटांच्या भिंती आणि काँक्रीटचे छप्पर असलेल्या या इमारती म्हणजे भारतातील पाया-विलगीकरणाचे पहिले प्रात्यक्षिक होय. २००१ च्या भूकंपानंतर भुज येथील रुग्णालयासाठीही हेच तंत्र वापरले गेले. या तंत्राने नेमके काय साधते, हे एका साध्या गणिताने समजून घेता येते.

बैठी इमारत म्हणजे एका स्प्रिंगवर ठेवलेले एक वस्तुमान, असे मानावे. तिचा दोलनकाल T = 2π√(M/K) या सूत्राने मिळतो. येथे M हे वस्तुमान आणि K ही आडव्या दिशेतील ताठरता. विटांच्या भिंती अत्यंत ताठर असल्याने अशा इमारतीचा दोलनकाल जेमतेम ०.१ सेकंद असतो. भूकंपाच्या धक्क्यांचा जोर बहुधा याच अल्प दोलनकालांच्या पट्ट्यात एकवटलेला असतो.

उदाहरणादाखल १,००० किलोन्यूटन वजनाची, म्हणजे सुमारे १०२ टन वस्तुमानाची एक शाळा कल्पावी. आय.एस. १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात येते व तेथील क्षेत्रगुणक ०.१६ आहे. आराखड्यासाठी त्याचा निम्मा, ०.०८, घेतात. ०.१ सेकंदाला त्वरण गुणांक २.५ आहे. म्हणून इमारत लवचीक अवस्थेत राहील असे मानल्यास पायाशी येणारे आडवे बल, म्हणजेच तळकर्तन, ०.०८ × २.५ × १,००० = २०० किलोन्यूटन येते.

आता भिंतींखाली रबराचे थर व पोलादी पत्रे आलटून-पालटून रचलेली बेअरिंग बसवू. उभे वजन ती सहज पेलतात. आडव्या दिशेने मात्र मऊ असतात. त्यांची एकत्रित ताठरता मीटरला सुमारे १,००० किलोन्यूटन ठेवल्यास दोलनकाल २ सेकंद होतो. भिंतींची स्वतःची लवचीकता हिशेबात घेतली, तरी √(२² + ०.१²) म्हणजे २.००२ सेकंदच. याचा अर्थ, वरची इमारत एखाद्या ताठर पेटीप्रमाणे सरकते. कठीण जमिनीवर २ सेकंदांना त्वरण गुणांक १/२ = ०.५ आहे. म्हणून तळकर्तन ४० किलोन्यूटन, पूर्वीच्या एक-पंचमांश. रबरातील अतिरिक्त अवमंदन येथे धरलेले नाही.

परीक्षार्थींची गल्लत होते ती पुढे. लवचिकतेसाठी खास तपशील दिलेल्या काँक्रीटच्या चौकटीच्या आराखड्यात बल ५ ने भागण्याची मुभा आहे. तिचे आराखड्याचे बलही ४०च येते! मग बेअरिंगवर खर्च कशासाठी? चौकट ते उरलेले बल स्वतःला तडे पाडून, सळ्या ताणून पचवते. विलगीकृत इमारत मात्र जवळजवळ अभंग राहते. म्हणून खरा लाभ बांधकामातील बचतीत नसून भूकंपानंतरही शाळा वा रुग्णालय चालू राहण्यात आहे. लाभ-खर्चाचा ताळेबंद मांडताना हेच मूल्य धरावयास हवे.

बल घटले, पण सरकणे वाढले. बलाला ताठरतेने भागल्यास विस्थापन ४ सेंटिमीटर येते. मूळ इमारतीत ते अर्धा मिलिमीटर होते. आराखड्याच्या दुप्पट तीव्रतेच्या धक्क्यात ते ८ सेंटिमीटर होईल. तेवढी मोकळी फट इमारतीभोवती हवी आणि नळ व वाहिन्यांना तितके वाकता आले पाहिजे. पुढे कोणी त्या फटीत पायरी बांधली किंवा मलबा भरला, तर ताठरता पुन्हा वाढते आणि सारे गणित फसते. फट रिकामी आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनीही तपासता येते.

जमिनीचा प्रश्नही तितकाच निर्णायक आहे. हीच शाळा तमिळनाडूत तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारु येथे, कावेरीच्या गाळाच्या प्रदेशात आहे असे समजा. तंजावर दुसऱ्या क्षेत्रात असल्याने निम्मा क्षेत्रगुणक ०.०५ होतो. स्थिर पायावर तळकर्तन १२५ किलोन्यूटन. परंतु जमीन मऊ धरल्यास २ सेकंदांचा त्वरण गुणांक १.६७/२, म्हणजे सुमारे ०.८४ होतो. तळकर्तन ४२ किलोन्यूटन येते. घट पाचपट नव्हे, तिप्पटच. आणि धोका किल्लारीहून कमी असूनही विस्थापन ४ सेंटिमीटरच राहते, कारण मऊ जमीन संथ दोलनांना बळ देते. खर्च तोच, लाभ मात्र उणा. अशा ठिकाणी भक्कम पाया, आडवे पट्टे आणि योग्य सळ्या यांवर केलेला खर्चच बहुधा अधिक शहाणपणाचा ठरेल.

तात्पर्य, ताठर आणि बैठी इमारत, कठीण जमीन, लक्षणीय भूकंपधोका आणि बंद पडून न चालणारी सेवा, या चार गोष्टी एकत्र आल्या की रबरी पाया आपली किंमत वसूल करतो.