दोन बँका एक होतात तेव्हा

१ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. दोन्ही बँकांचे माहेर एकच, दक्षिण कानडा जिल्हा. कॅनरा बँकेचा आरंभ १९०६ साली मंगळूर येथे एका लहानशा फंडाच्या रूपाने झाला, आणि सिंडिकेट बँक १९२५ साली उडुपीच्या हातमाग विणकरांना भांडवल मिळावे म्हणून निघाली. दारोदार हिंडून रोज दोन आणे गोळा करणारी ‘पिग्मी’ ठेव तिने १९२८ साली सुरू केली. १९ जुलै १९६९ रोजी दोघींचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि पुढे अर्धशतकाने, ३० ऑगस्ट २०१९ रोजी, दोघींना एकत्र करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. प्रत्यक्ष विलीनीकरणाचा दिवस उजाडला तेव्हा सारा देश टाळेबंदीत होता. त्यामुळे शाखेवरची पाटी बदलल्याचे कित्येक खातेदारांना बऱ्याच उशिरा कळले.

असे काही घडले, की सामान्य खातेदाराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पैशांचा. आपली ठेव सुरक्षित आहे ना? या प्रश्नाचे उत्तर कायद्याने सरळ दिलेले आहे. विलीनीकरणाची योजना अमलात येते त्या क्षणी जुन्या बँकेची सर्व मालमत्ता, सर्व देणी आणि सर्व करार नव्या बँकेकडे जातात. सिंडिकेट बँकेने खातेदाराला जे देणे होते, ते कॅनरा बँकेचे देणे झाले. मुदत ठेवीवर जो व्याजदर ठरला होता, तो मुदत संपेपर्यंत तसाच राहिला. यासाठी खातेदाराला कोठे सही करावी लागली नाही, की अर्ज करावा लागला नाही.

मात्र ज्या खुणांवरून बाहेरचे जग त्याच्या खात्यापर्यंत पोहोचते, त्या खुणा बदलल्या. खरी अडचण येते ती येथे. शिवाय ती पहिल्या दिवशी येत नाही. बरीच मागाहून, खातेदार बेसावध असताना येते.

यांतली पहिली खूण म्हणजे आयएफएससी, अर्थात शाखेचा सांकेतिक क्रमांक. त्यात अकरा अक्षरे व अंक असतात. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान शून्याचे, आणि शेवटची सहा शाखेची. पाचव्या स्थानी शून्य असते, ‘ओ’ हे अक्षर नव्हे. हाताने उतरवून घेणाऱ्यांची चूक बहुधा याच जागी होते. सिंडिकेट बँकेच्या प्रत्येक शाखेचा संकेत SYNB या अक्षरांनी सुरू होई. बँकच उरली नाही, तेव्हा ही चार अक्षरेही जाणार हे उघड होते. पण त्यांच्या जागी नुसते CNRB लिहून भागण्यासारखे नव्हते, कारण दोन्ही बँकांतील शाखांना आपापले अनुक्रमांक होते आणि एकच क्रमांक दोन निरनिराळ्या शाखांना असण्याचा संभव होता. त्यावर तोडगा मोठा सुटसुटीत निघाला. सिंडिकेट बँकेच्या प्रत्येक शाखेच्या क्रमांकात दहा हजार मिळवावयाचे ठरले. ज्या शाखेचा संकेत SYNB0003687 होता, तिचा नवा संकेत CNRB0013687 असा झाला.

हा हिशेब त्या बँकेपुरताच खरा, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. आंध्रा बँक व कॉर्पोरेशन बँक त्याच दिवशी युनियन बँकेत विलीन झाल्या, पण तेथे बेरीज नव्हती. पहिलीच्या शाखांचे संकेत UBIN08 असे, तर दुसरीच्या शाखांचे UBIN09 असे सुरू होऊ लागले. शिवाय विलीनीकरणानंतर एकाच रस्त्यावरच्या दोन शाखांची कधीकधी एक शाखा करण्यात येते, आणि मग बंद झालेल्या शाखेच्या खात्याला शेजारच्या शाखेचा संकेत लागतो. म्हणून बोटांवर केलेला हिशेब नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाशी एकदा ताडून पाहावा.

हे सारे बदल एका रात्रीत झाले नाहीत, आणि गोंधळाचे मूळही यातच आहे. विलीनीकरण १ एप्रिल २०२० चे. परंतु जुने संकेत आणि जुने चेक ३० जून २०२१ पर्यंत चालू ठेवले गेले. ही पंधरा महिन्यांची सवलत खातेदारांच्या सोयीसाठीच होती. तथापि तिचा एक परिणाम असा झाला, की ज्यांनी काहीच केले नाही त्यांचेही काही अडले नाही. पत्ता बदललेल्या माणसाची पत्रे पोस्टमन ओळखीने नव्या घरी आणून देतो, तोवर पत्ता कळवण्याची निकड कोणाला वाटत नाही. १ जुलै २०२१ रोजी ही ओळख संपली.

हुबळीत स्थायिक झालेले एक निवृत्त मराठी शिक्षक उदाहरणादाखल कल्पावेत. त्यांचे खाते सिंडिकेट बँकेच्या शाखेत. पुण्यात नोकरी करणारा मुलगा दरमहा आपल्या बँकेतून त्यांना पैसे पाठवतो. वडिलांचा खाते क्रमांक व शाखेचा संकेत त्याने काही वर्षांपूर्वी एकदा नोंदवून ठेवला, आणि त्यानंतर तो फक्त रक्कम लिहून बटन दाबतो. जून २०२१ पर्यंत रक्कम बिनबोभाट पोहोचते. जुलैत मात्र त्याची बँक व्यवहार नाकारते, किंवा गेलेली रक्कम परत येते. पैसा बुडत नाही. पण वडील महिन्याच्या पहिल्या आठवड्यात औषधांसाठी त्याच रकमेची वाट पाहत असतात. मुलाने जुनी नोंद काढून टाकून नव्या संकेतासह वडिलांचे नाव पुन्हा नोंदवले पाहिजे.

मुलाला एक फोन केला की काम होते. पण शिक्षकांनी आपला संकेत इतरत्र कोठे कोठे दिला आहे? शेअरवरचा लाभांश ज्या खात्यात जमा होतो तेथे, विम्याच्या कार्यालयात, म्युच्युअल फंडाकडे, प्राप्तिकराचा परतावा मिळावा म्हणून भरलेल्या विवरणात, आणि घरभाडे पाठवणाऱ्या भाडेकरूकडे. यांतले काही देणेकरी दरमहा रक्कम पाठवतात, काही वर्षातून एकदाच. वर्षातून एकदा येणारी रक्कम अडली, तर ती अडली आहे हे कळायलाच वर्ष लोटते. ही यादी तयार करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पासबुकातील मागील वर्षभराच्या जमेच्या नोंदी वाचणे. जेथून जेथून पैसे आले, तेथे तेथे नवा संकेत कळवावयाचा.

संकेताहून चेकची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण दिलेला चेक खातेदाराच्या हाती राहत नाही. चेकच्या तळाशी जी पांढरी पट्टी असते, तिच्यावर चुंबकीय शाईने अंक छापलेले असतात. प्रथम सहा अंकी चेक क्रमांक असतो आणि त्यानंतर नऊ अंकी संकेत. या नऊ अंकांपैकी पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. सिंडिकेट बँकेचे मधले अंक ०२५, तर कॅनरा बँकेचे ०१५. यंत्र हे अंक वाचते आणि चेक कोणत्या बँकेकडे धाडावयाचा ते ठरवते. वरच्या बाजूस छापलेले बँकेचे नाव, सही, अक्षरी रक्कम हे सारे मागाहून तपासले जाते. तेव्हा आपल्या कपाटातले चेकबुक जुने की नवे, हे पाहण्यासाठी बँकेत जाण्याची गरज नाही. पट्टीवरचे मधले तीन अंक पाहिले की पुरे.

त्या शिक्षकांनी २० जून २०२१ ही तारीख घालून पंचवीस हजारांचा एक चेक घराची डागडुजी करणाऱ्या कंत्राटदाराला दिला, असे समजू. चेक त्याच्या तारखेपासून तीन महिने चालतो, हे कंत्राटदाराला ठाऊक आहे. तो निर्धास्तपणे चेक खिशात ठेवतो आणि ५ जुलैला बँकेत भरतो. चेक परत येतो. खात्यात पैसे आहेत, सही बरोबर आहे, तीन महिनेही उलटलेले नाहीत. पण तो कागदच १ जुलैपासून चेक राहिलेला नाही. शिक्षक सज्जन असल्यामुळे नवा चेक लिहून देतात आणि प्रकरण तेथेच मिटते.

देणारा सज्जन नसेल तर? चेक न वटल्यास कलम १३८ अन्वये फौजदारी दावा लावता येतो, या भरवशावर व्यापारातले पुष्कळसे व्यवहार चालतात. असाच एक तंटा अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे गेला. अलाहाबाद बँक इंडियन बँकेत विलीन झाली होती आणि तिचे जुने चेक ३० सप्टेंबर २०२१ पर्यंतच चालणार होते. त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी भरलेला तिचा एक जुना चेक परत आला. २०२४ साली न्यायालयाने निर्णय दिला, की असा चेक वैध चेकच नव्हे. म्हणून तो परत आल्याने कलम १३८ लागू होत नाही. मूळ देणे त्यामुळे फिटले असे नव्हे. पण घेणेकऱ्याच्या हातचे सर्वांत धारदार शस्त्र गळून पडले, हे खरे. यावरून दिसते, की जुन्या चेकबुकाची काळजी देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याने अधिक घ्यावयास हवी. पुढच्या तारखांचे चेक घेऊन ठेवणाऱ्या घरमालकाने किंवा उधारीवर माल देणाऱ्या दुकानदाराने विलीनीकरणाची बातमी कानी येताच आपल्या जवळचे चेक बाहेर काढून पाहावेत आणि मुदत संपण्याआधी बदलून मागावेत.

पासबुकाचे तसे नाही. चेकने पैसे द्यावयाचे असतात. पासबुक केवळ झालेल्या व्यवहारांची नोंद सांगते, आणि बँकेचे नाव बदलले म्हणून झालेला व्यवहार न झालेला ठरत नाही. नवे पासबुक घ्यावेच. परंतु जुने रद्दीत टाकू नये. त्यात शेवटच्या नोंदीपर्यंत छपाई करून घ्यावी, आणि नव्या पासबुकातील आरंभीची शिल्लक तिच्याशी जुळते की नाही ते पाहावे. एक धोका मात्र जुन्या पासबुकातही आहे. त्याच्या पहिल्या पानावर जुना संकेत छापलेला असतो, आणि घरातला कोणीतरी दोन वर्षांनी तोच संकेत एखाद्या अर्जात उतरवतो. त्या पानावर संकेतावरून पेनाने एक ठळक रेघ ओढून ठेवली, तर हा प्रश्न मिटतो.

आणखी एक बदल असा आहे, की तो कोणत्याही कागदावर छापलेला सापडत नाही. बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणाऱ्या विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाली. ही मर्यादा प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेपुरती असते. ज्याने सिंडिकेट बँकेत पाच लाख आणि कॅनरा बँकेत पाच लाख ठेवले होते, त्याची सारी ठेव ३१ मार्च २०२० रोजी विम्याच्या छत्राखाली होती. दुसऱ्या दिवशी बँक एकच उरली, दोन्ही ठेवींची बेरीज झाली, आणि विमा पाच लाखांचाच राहिला. सरकारी बँकेच्या बाबतीत हा विचार फारसा कोणी मनावर घेत नाही. पण सहकारी बँकांचीही विलीनीकरणे होतात, आणि एकाच गावातल्या दोन सहकारी बँकांत मुद्दाम विभागून ठेवलेली पुंजी अशा वेळी नकळत एकत्र येते.