पावसाचा पीएच ५.६ वर का थांबत नाही?

स्वच्छ पावसाचा पीएच ७ नसून ५.६ असतो, असं पुस्तकात वाचलेलं असतं. हा आकडा आज काढून बघू. वही घ्या, गणित छोटं आहे.

हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० भाग, म्हणजे त्याचा दाब ०.०००४२ ॲटमॉस्फिअर. २५ अंश सेल्सिअसला हेन्रीचा स्थिरांक ०.०३४. गुणाकार केला की लिटरभर पाण्यात विरघळलेला वायू मिळतो : १४.३ मायक्रोमोल. त्यातला थोडा पाण्याशी संयोग पावून हायड्रोजन आणि बायकार्बोनेट आयन देतो. दोन्ही सारख्याच संख्येने तयार होतात, म्हणून :

[H⁺]² = 4.45×10⁻⁷ × 1.43×10⁻⁵

वर्गमूळ काढलं की २.५ मायक्रोमोल, पीएच ५.६. इथे पुष्कळ विद्यार्थी आयन झालेला वायू १४.३ मधून वजा करतात. तसं करू नका. थेंब उघड्या हवेत आहे, जेवढा वायू खर्च होतो तेवढा हवेतून पुन्हा येतो.

आता खरा पाऊस. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलात जीन लायकन्स आणि सहकाऱ्यांनी १९६३ पासून पावसाचं पाणी तपासलं. त्या सुरुवातीच्या वर्षांत सरासरी पीएच होता ४.१ च्या आसपास. म्हणजे हायड्रोजन आयन ८० मायक्रोमोल, आपल्या उत्तराच्या तीसपट!

एवढं आम्ल कार्बन डायऑक्साइड देऊ शकेल का? वर्गमूळ विसरू नका. आयन तीसपट हवे, तर वायू हजारपट हवा. म्हणजे हवेचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग तोच असावा लागेल. असल्या हवेत पीएच मोजायला माणूस उरणार नाही.

उलट, कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडचं ढगात सल्फ्युरिक आम्ल होतं, आणि इतक्या विरळ पाण्यात ते जवळजवळ पूर्ण सुटतं. एका रेणूमागे दोन हायड्रोजन आयन. ८० मायक्रोमोलसाठी ४० पुरतात, वजनात लिटरमागे फक्त चार मिलिग्रॅम. प्रत्यक्षात वाहनं आणि वीजकेंद्रांच्या धुरातून आलेल्या नायट्रिक आम्लाचाही त्यात वाटा होता.

आपल्याकडे मात्र एक फसगत होते. भारतात बऱ्याच ठिकाणी मातीच्या धुळीतलं कॅल्शियम कार्बोनेट हे आम्ल मारतं, आणि मीटर सहा दाखवतो. म्हणून तो पाऊस स्वच्छ ठरत नाही. त्याच बाटलीतलं सल्फेट, नायट्रेट आणि कॅल्शियम मोजा. तिन्ही भरपूर निघाली, तर आम्ल आलं होतं, धुळीनं ते झाकलं.