मराठी शाळा लपवायची नाही, नीट सांगायची

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)



मागच्या सभेत आपल्या एका सचिव ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, पोरगी परदेशी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून राहिली. पण दहावीपर्यंत मराठी शाळा. ते लिहावं का लपवावं?" ताईंच्या परवानगीने आज त्यावरच बोलते.

पहिली गोष्ट, लपवता येत नाही. अर्जासोबत दहावीची गुणपत्रिका जोडावी लागते आणि तिच्यावर पहिल्या भाषेच्या जागी मराठी छापलेलं असते. "लहानपणापासून इंग्रजीत शिकले" असं लिहिलं अन् कागद वेगळंच बोलला, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

आता या पोरीचे गुण पाहा. दहावीला ८८ टक्के. अकरावीला सायन्स घेतलं, तिथं सगळं इंग्रजीत. बारावीला ६१ टक्के. नंतर कृषी पदवी, तीही इंग्रजीत, अन् शेवटी दहापैकी ८.१. अर्ज तपासणाऱ्याला मराठी शाळेचं काही वाटत नाही. त्याला दिसते ती ८८ वरून ६१ ची घसरण. कारण सांगितलं नाही, तर तो समजेल की पोरीने अभ्यास सोडला.

अर्जात एक निवेदन लिहावं लागते, मी कोण अन् हे शिक्षण का हवं याचं. पोरीने आधी लिहिलं होतं, "मराठी माध्यमामुळे माझं इंग्रजी कच्चं आहे, तरी संधी द्यावी." ही तर विनवणी झाली. मी म्हटलं, हे खोड. मग तिला तीन प्रश्न विचारले.

काय अडलं? ती म्हणाली, "प्रकाशसंश्लेषण मला येत होतं. पण पेपरात ते फोटोसिंथेसिस म्हणून आलं अन् मी प्रश्नच सोडला."

तू काय केलं? तिने वही केली होती. एका रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात अर्थ स्वतःच्या भाषेत. रोज दहा शब्द.

त्यातून आता काय येते? सातव्या सत्रात कृषीच्या मुलांना गावात राहून काम करावं लागते. तिथं तिने माती परीक्षणाचे अहवाल शेतकऱ्यांना वऱ्हाडीत समजावले, अन् त्यांचं म्हणणं इंग्रजी अहवालात लिहिलं.

मग नवा मजकूर असा झाला: "दहावीपर्यंत मी मराठीत शिकले. अकरावीत माध्यम बदलल्यावर माझे गुण ८८ वरून ६१ वर आले, कारण विषय येत असूनही त्याचे इंग्रजी शब्द ओळखू येत नव्हते. मी रोज दहा शब्दांची वही ठेवली. पदवीत मला ८.१ मिळाले. आज मी माती परीक्षणाचा अहवाल इंग्रजीत वाचते आणि शेतकऱ्याला त्याच्या बोलीत समजावते." पाचच वाक्यं. यात रडगाणं नाही अन् फुशारकीही नाही. घसरणीचं कारण आलं, तिची मेहनत आली, अन् फक्त इंग्रजीत शिकलेल्याला सहज न जमणारं कामही आलं. हीच ताकद.

दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक म्हणजे पैसे देऊन भारी इंग्रजीत निवेदन लिहून घेणं. बऱ्याच शिष्यवृत्त्यांमध्ये मुलाखत असते. तिथं पोरीला स्वतःचंच वाक्य समजावता आलं नाही, तर उघडं पडते. दुसरं, कॉलेज "शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं" असं पत्र देते. काही विद्यापीठं ते पत्र मानतात, काही मात्र आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मागतातच. म्हणून ज्या विद्यापीठात अर्ज करायचा, त्याचा नियम आधी वाचायचा. ते पत्र कॉलेजच्या वर्षांपुरतं असते. शाळेचं माध्यम त्यात बदलून घ्यायचं नाही.

हे आपल्या भागाला नवीन नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारे गावचे राजू केंद्रे शेतकरी घरातले. मुक्त विद्यापीठातून पदवी केली, पुढे तुळजापूरला टाटा संस्थेत शिकले. २०२१ मध्ये ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेले. त्या शिष्यवृत्तीच्या अर्जात नेतृत्वावर अन् पुढच्या कामाच्या योजनेवर लिहावं लागते. तिथं गावात केलेलं काम हाच पुरावा असतो.

तायांनो, तुमच्याकडे एवढंच मागणं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पोरीच्या जुन्या वह्या रद्दीत देऊ नका. मराठीत असलेल्या दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागू शकते, त्याला वेळ लागतो. अन् आज रात्री पोरीला हे तीन प्रश्न विचारा: काय अडलं, तू काय केलं, आता काय येते? तिची उत्तरं मराठीतच लिहून घ्या. इंग्रजी नंतर करता येते.