टाकीखालचा थेंब

बुलढाणा जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूरचा पूर्णाकाठ खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने फ्लश टाकीचे लोखंडी बोल्ट गंजतात, मग टाकीखाली थेंब जमतात.

आधी टाकी कोरडी पुसून बोल्टाखाली आणि नळीच्या जोडणीखाली वेगवेगळे कागद धरावेत. आधी भिजेल तिथे गळती.

बोल्ट गळत असेल तर कॉक बंद करून टाकी रिकामी करावी. नवा रबरी वायसर टाकीच्या आत, बोल्टाच्या डोक्याखाली बसतो. धातू चिनीमातीला थेट टेकू नये. नट हाताने घट्ट करून पान्याने पाव-पाव फेरा, दोन्ही बाजूंना आलटून पालटून द्यावा. टाकी डुलायची थांबली की पुरे. तरीही पाझर असेल तर वायसर वाकडा बसलाय. आणखी आवळले तर चिनीमातीच तडकते.