शाळेच्या आवारातील एक तास



२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपणांस ठाऊक आहे. मग पावसाळ्यात आपल्याच अंगणात पडणारे पाणी जाते कोठे? हा प्रश्न मुरुडच्या मुलांना शाळेच्या आवारातच सोडवता येईल. त्या एका तासाची आखणी मी आपणांपुढे ठेवतो.

साहित्य थोडेच. दोन्ही तोंडे कापलेला, दहा सेंटीमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा, पट्टी, घड्याळ आणि बादलीभर पाणी. डब्याच्या वरच्या कडेला चिंधी गुंडाळावी व डबा शिक्षकांनीच जमिनीत रोवावा, म्हणजे मुलांचे हात कापणार नाहीत. आदल्या दिवशी शिक्षकांनी जागा फिरून पाहावी. दगडाखाली विंचू असतो, झाडावर गांधीलमाशांचे पोळे असते. तास सकाळचा ठेवावा. ढग गडगडू लागले तर झाडाखालून मुलांना तत्काळ वर्गात न्यावे.

जागा दोन निवडाव्यात : एक निंबाखालची, दुसरी खेळून घट्ट झालेल्या मैदानातली. पाणी ओतण्यापूर्वीच प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहावा. मग पाच मुलांची तुकडी करावी. एकाने पाणी ओतावे, दुसऱ्याने घड्याळ पाहावे, तिसऱ्याने पट्टी वाचावी, चौथ्याने आकडे टिपावेत, पाचव्याने मातीचे, मुंग्यांच्या बिळांचे, पाचोळ्याचे चित्र काढावे. पाच सेंटीमीटर उंचीचे पाणी म्हणजे जेमतेम चारशे मिलिलिटर. समजा, दहा मिनिटांत ते निंबाखाली चार सेंटीमीटर उतरले आणि मैदानात अर्धाच. पायांनी दाबलेल्या मातीतली छिद्रे मिटतात. मुळे व गांडुळे ती मोकळी ठेवतात.

येथे दोन ठिकाणी फसगत होते. डब्याबाहेर ओले कडे दिसले, तर पाणी कडेने निसटले असे समजावे. बाहेरून चिखल लिंपून पुन्हा मोजावे. दुसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती भेगाळते, आणि भेगेत ओतलेले पाणी घटकेत नाहीसे होते. तीच माती भिजली की फुगते आणि पाणी फार सावकाश आत घेते. म्हणून हा तास पहिले चांगले पाऊस होऊन गेल्यावर घ्यावा, आणि प्रत्येक जागी तीनदा मोजावे. एका मापावरून निर्णय करू नये.

त्यानंतर हात धुऊन मुले वर्गात यावीत. शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. प्रत्येकाने अंदाज आणि माप शेजारीशेजारी मांडावे आणि तीन ओळी लिहाव्यात : काय पाहिले, काय चुकले, अजून काय कळले नाही. शेवटी एकच प्रश्न विचारावा : शाळेच्या छपराचे पाणी कोठे वळवावे? मैदानाकडे, की निंबाखाली? ज्या मुलाने ते पाणी स्वतः मोजले आहे, त्याचे उत्तर कारणासकट येईल. ते ऐकून छपराची पन्हळ त्या बाजूला वळवणे, एवढे काम मात्र आपण मोठ्यांनी करावयाचे आहे.