गौरींसाठी राखलेले एक लाख

गेल्या गणपतीत बुऱ्हाणपुरात आमच्या घरी एक लाख रुपयांवरून बोलणं निघालं. यंदा महालक्ष्म्या आमच्याकडे, त्या खर्चाची ही रक्कम. आई म्हणाली, "तोवर सोन्याचा हार करू, अडचणीला मोडता येईल." बाबा बँकेत कारकून होते, ते म्हणाले, "मुदत ठेव." धाकट्याने इंडेक्स फंड सुचवला, आणि मग त्यानेच हिशेब मांडला.

हाराची घडणावळ १२ टक्के धरली आणि वर ३ टक्के जीएसटी लावला, तर लाखात सोनं येतं जेमतेम ८६,७०० रुपयांचं. म्हणजे भाव सुमारे १५ टक्के चढेल तेव्हा कुठे मुद्दल सुटेल.

सात टक्क्यांच्या ठेवीत, तिमाही चक्रवाढीने, वर्षाअखेर १,०७,१८६ रुपये होतात. व्याजावर कर लागतो, पण तारीख पक्की.

इंडेक्स फंडाचं त्याने २०२० साल काढलं. जानेवारी ते २३ मार्च निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला. लाखाचे ६२ हजार. नोव्हेंबरात तो सावरला. "पण गौरी नोव्हेंबरपर्यंत थांबणार का?" असं म्हणून धाकट्याने स्वतःचाच प्रस्ताव मागे घेतला.

रक्कम ठेवीत गेली. ज्या पैशांना दहा वर्षं हात लावायचा नाही, तेवढेच महिना दोन हजार आम्ही फंडात टाकतो. हार मात्र आईला हवाच आहे. तो आम्ही हौस म्हणून करू, गुंतवणूक म्हणून नाही.